सात पानांचं एक वाक्य

परिषदेत पोस्टरसाठी दिलेला वेळ बहुधा चहाच्या सुट्टीला जोडून असतो. दालनात फळ्यांच्या रांगा, प्रत्येक फळ्यावर एक पोस्टर, शेजारी घड्या न मोडलेल्या शर्टातला किंवा नव्या साडीतला एक संशोधक. बघायला येणाऱ्याच्या एका हातात कप, दुसऱ्या हातात बिस्किट. तो शीर्षक वाचतो, एखाद्या आलेखावर नजर टाकतो, खाली निष्कर्ष शोधतो आणि सापडला नाही तर पुढच्या फळ्याकडे सरकतो. वाईट त्याचं वाटत नाही. वाईट त्या शेजारी उभ्या राहिलेल्याचं वाटतं, कारण त्याने दोन वर्षांचं काम त्या कागदावर ओतलेलं असतं.

ज्यांना मंचावर बोलायची वेळ मिळत नाही, त्यांनी आपलं संशोधन एका मोठ्या कागदावर मांडून फळ्याला लावायचं, ही पोस्टरची पद्धत. वैद्यकीय परिषदांत ती आहे, शेतकी आणि अभियांत्रिकीच्या परिषदांत आहे, आपल्याकडे विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ स्पर्धेतही आहे. कागदाचं सर्वांत रूढ माप ए-झिरो, म्हणजे ८४१ मिलिमीटर रुंद आणि ११८९ मिलिमीटर उंच. क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस मीटर. सगळा घोटाळा या मापातूनच सुरू होतो. त्यात ए-फोरचे बरोबर सोळा कागद मावतात, आणि मग आपल्याकडे सोळा पानांची जागा आहे असं पोस्टर करणाऱ्याला वाटू लागतं. प्रबंधातला मजकूर उचलून ओतला जातो, मावेना की अक्षर बारीक केलं जातं. रात्री अकराला फ्लेक्सवाल्याकडे पेनड्राइव्ह जातो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांबरोबर पोस्टरं दुरुस्त करायला बसण्याचं काम मी काही वर्षं करते आहे. ‘मजकूर निम्मा करा’ असं सांगून उपयोग होत नाही, हे मला उशिरा कळलं. निम्मा करा म्हटलं की प्रत्येक जण प्रत्येक परिच्छेदातून थोडं थोडं कापतो. सगळ्या खोल्यांतलं थोडं थोडं सामान बाहेर काढलं तरी घर तितकंच अडगळीचं राहतं. शिवाय कात्री चालते तीही नेमकी चुकीच्या जागी. ‘च्या तुलनेत’, ‘दर हजारी’, ‘तिसऱ्या वर्षी’ असले छोटे शब्द आधी उडतात, आणि ‘जागतिक पातळीवर ही एक गंभीर समस्या असून’ हे वाक्य शाबूत राहतं.

म्हणून आता मी एक सराव करून घेते. सगळ्यांच्या माहितीचा एक खरा शोधनिबंध घ्यायचा आणि त्याचं पोस्टर करायचं. स्वतःच्या कामावर कात्री चालवताना हात थरथरतो. दुसऱ्याच्या कामावर डोकं थंड राहतं. मी निवडते तो निबंध डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा, डिसेंबर १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आलेला. गडचिरोली जिल्ह्यातल्या खेड्यांत नवजात बाळांची काळजी घरीच घेतली तर मृत्यू किती कमी होतात, हे त्यात तपासलं आहे. छापील पानं सात. त्याचं पोस्टर खरंच असं झालं होतं असं नव्हे. हा आमचा वर्गातला खेळ आहे. निबंधातले आकडे मात्र खरे आहेत.

पहिला नियम असा, की कागद पालथा घालायचा. समोर मजकूर असला की माणूस त्यातली वाक्यं आखूड करत बसतो. मजकूर नसला की त्याला आठवावं लागतं, आणि आठवतं ते बहुधा महत्त्वाचं असतं. मी विचारते, ‘बसस्टॉपवर मावशी भेटल्या. एसटी समोर उभी आहे. काय सापडलं सांगा.’ पहिलं उत्तर नेहमी असं येतं: ‘नवजात मृत्युदरावर घरगुती काळजीच्या परिणामाचा अभ्यास केला.’ एसटी निघून जाते. मावशींना अभ्यास केला एवढंच कळलं, सापडलं काय ते कळलंच नाही. या वाक्याला क्रियापद आहे खरं, पण ते संशोधकाचं क्रियापद आहे, निष्कर्षाचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला ‘मृत्यू कमी झाले’ हे शब्द तोंडातून निघतात, आणि मग खरं काम सुरू होतं. किती कमी झाले, कशापेक्षा, कधी, कुठे?

‘किती’पाशी पहिला सापळा आहे. निबंधात मृत्युदर एक नाही, तीन आहेत. जन्मापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत दगावणाऱ्या बाळांचा तो नवजात मृत्युदर. वर्षाच्या आत दगावणाऱ्यांचा तो अर्भक मृत्युदर. आणि मृत जन्मलेली व पहिल्या आठवड्यात गेलेली बाळं मिळून तिसरा, जन्माच्या आगेमागेचा मृत्युदर. सेवेच्या तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या हिशेबात हे दर अनुक्रमे ६२.२, ४५.७ आणि ७१ टक्क्यांनी कमी झाले. वर्गात हात वर होतात ते ७१ला. मोठा आकडा, मोठं अक्षर, पोस्टर गाजणार!

पण संशोधकांनी सुरुवातीला स्वतःला विचारलेला प्रश्न नवजात मृत्युदराचा होता. तीन वर्षांत तो निदान २५ टक्क्यांनी कमी होईल, असं त्यांचं आधी मांडलेलं गृहीतक होतं. तेव्हा पोस्टरच्या मधोमध त्याच प्रश्नाचं उत्तर यायला हवं. सगळ्यांत मोठा आकडा निवडण्यात खोटं काही नसतं, पण बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती वर्तुळ काढल्यासारखं ते होतं. शिवाय २५ची अपेक्षा आणि ६२चा निकाल ही जोडीच मुळात ७१पेक्षा जास्त बोलकी आहे, आणि ती सांगायला एकच ओळ पुरते. बाकीचे दोन दर पोस्टरवरून गेले तरी चालतात. कुणी विचारलं तर तोंडी सांगता येतात; संशोधक तिथे उभा असतो तो त्यासाठीच.

मग आमचं पहिलं वाक्य तयार होतं: ‘नवजात मृत्युदर ६२वरून २५.५वर, म्हणजे ६२ टक्के कमी.’ छान, छोटं. आणि दोन ठिकाणी घसरलेलं.

एक तर यात दोन ६२ आहेत आणि ते वेगळे आहेत. पहिला म्हणजे सेवा सुरू होण्याआधी दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ मृत्यू. दुसरा म्हणजे घट ६२ टक्के. जवळजवळ ठेवले की वाचणाऱ्याला ते एकच वाटतात किंवा छपाईची चूक वाटतात. दुसरं, दालनात एक तरी माणूस असा असतो जो मनात भागाकार करतो. ६२मधून २५.५ गेले, राहिले ३६.५, त्याला ६२ने भागलं की ५८.९ टक्के येतात. मग ६२.२ आले कुठून? त्याला वाटतं, यांनी आकडा फुगवला. प्रत्यक्षात फुगवलेलं काही नाही. ६२.२ ही निव्वळ घट आहे: शेजारच्या तुलनेच्या गावांत त्याच काळात जे झालं ते लक्षात घेऊन काढलेली. आधीची दोन वर्षं तिथला दर ५८ होता, म्हणजे सुरुवात जवळपास सारखीच होती. निव्वळ घट साध्या घटीपेक्षा जास्त भरते, याचाच अर्थ तिथे दर खाली आला नाही. तीन शब्द कापले, ‘तुलनेच्या गावांच्या हिशेबात’, आणि खरा आकडा संशयास्पद झाला.

उपाय दोन. टक्केवारी ठेवायची तर तुलना सोबत ठेवा, नाहीतर टक्केवारी सोडा आणि दोन दर द्या. आम्ही बहुधा दुसरा घेतो. ‘हजारात ६२’ आणि ‘हजारात २५.५’ हे डोळ्यांसमोर उभं राहतं. टक्केवारीला कशाची टक्केवारी हे पुन्हा सांगावं लागतं. आणि तुलनेची गावं? ती आलेखात येतात. दोनच रेषा: एक उतरत गेलेली, एक जवळपास तिथेच राहिलेली. शब्दांत तीन ओळी खाणारी गोष्ट चित्र न बोलता सांगतं. निबंधातल्या तक्त्यांतला एकही तक्ता पोस्टरवर येत नाही. तक्ता वाचायला खुर्ची लागते.

निबंधाच्या लेखकांनी स्वतः सारांशात निष्कर्षाची ओळ कशी लिहिली आहे तेही मी दाखवते. हाताशी ६२ आणि ७१ असताना त्यांनी नवजात आणि अर्भक मृत्यू मिळून ‘जवळपास ५० टक्के’ घट असं म्हटलं, आणि ती कुणात, तर आपल्या कुपोषित, निरक्षर, ग्रामीण लोकसंख्येत, हेही त्याच वाक्यात ठेवलं. जगातल्या एका नामांकित नियतकालिकात, जिथे शब्द मोजून मिळतात, तिथे त्यांनी ‘कुठे’ आणि ‘कुणात’ यांच्यावर शब्द खर्च केले. पोस्टरवर मात्र ‘कुठे’ हा पहिला बळी असतो.

वाक्य ठरलं की कागद सुलटा करायचा आणि प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न विचारायचा: तू गेलास तर हे वाक्य खोटं होईल का, किंवा अविश्वसनीय होईल का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल तर तो परिच्छेद जातो. अशाने प्रास्ताविक बहुतेक सगळं जातं. जगात दरवर्षी किती बाळं दगावतात हे बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेत बालरोगतज्ज्ञांना सांगायची गरज नसते. उरतात दोन ओळी. रुग्णालय लांब आहे आणि खर्चाचं आहे, म्हणून बहुतेक बाळांपर्यंत उपचार पोचत नाहीत. मग उपचारच घरी नेले तर?

पद्धतीच्या भागावर सर्वांत जास्त भांडण होतं. ‘मॅडम, गाइड म्हणतात मेथड्स पूर्ण हव्यात.’ गाइडचंही चूक नसतं. परीक्षक पद्धतीवरच प्रश्न विचारतात. पण पूर्ण असणं आणि पटण्याजोगं असणं वेगळं. या निबंधाच्या पद्धतीत आम्ही सगळे मिळून पाच गोष्टी राखतो. ३९ गावांत सेवा, ४७ गावं तुलनेसाठी. आधी दोन वर्षं, १९९३ ते ९५, नुसती नोंद. मग १९९५ ते ९८ तीन वर्षं सेवा. सेवा काय, तर गावातल्याच प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्तीने घरी जाऊन बाळाला तपासणं, जन्मतः श्वास न घेणारं, कमी वजनाचं, गार पडलेलं, अंगावर न पिणारं बाळ सांभाळणं. त्यात जंतुदोषाचं निदान आणि उपचारही तिनेच करणं. ही या कामातली सगळ्यांत धाडसी गोष्ट, ती वेगळी दिसायला हवी. आणि पाचवी: जन्म-मृत्यूची नोंद सेवा देणाऱ्यांनी केली नाही, वेगळ्या माणसांनी केली.

ही पाचवी गोष्ट विद्यार्थी हमखास उडवतात. त्यांना ती कार्यालयीन तपशिलासारखी वाटते. पण विचार करा, जिने बाळाला वाचवायचं तिनेच मृत्यूही नोंदवायचा असता, तर पोस्टरसमोरच्या कुणाही शहाण्या माणसाच्या मनात पहिली शंका तीच आली असती. ‘नोंद वेगळ्या माणसांनी केली’ हे चार शब्द त्या शंकेचं तोंड बंद करतात. उलट दर पंधरा दिवसांनी देखरेखीची भेट होत असे, दाईंना प्रशिक्षण दिलं होतं, हे सगळं खरं आणि महत्त्वाचं असूनही पोस्टरवर नाही आलं तरी मधलं वाक्य हलत नाही. आकडेशास्त्राच्या कोणत्या सॉफ्टवेअरवर हिशेब केला ही ओळ तर मी न विचारता खोडते.

जंतुदोषाच्या आकड्यांपाशी एक गंमत आहे. निबंधाच्या सारांशात असं आहे: उपचार सुरू होण्याआधी जंतुदोष झालेल्या १६३ बाळांतला मृत्यूचा वाटा १६.६ टक्के, उपचार सुरू झाल्यावर ७१ बाळांत २.८ टक्के. पोस्टरवर हे ‘१६.६% → २.८%’ असं येतं आणि मूळ संख्या गळून पडतात, कारण कंसातलं ते सगळं फालतू, असा आपला समज. आता उलटा हिशेब करा. १६३चे १६.६ टक्के म्हणजे २७ बाळं. ७१चे २.८ टक्के म्हणजे २ बाळं. ‘१६३पैकी २७ दगावली; ७१पैकी २’ असं लिहिलं की दशांश चिन्हं जातात, टक्के जातात, अक्षरं वाढत नाहीत, आणि वाचणाऱ्याच्या हातात एक प्रामाणिक तराजू येतो. त्याला दिसतं की दुसरा आकडा छोटा आहे. आणखी एक जरी बाळ गेलं असतं तर २.८चे सव्वाचार टक्के झाले असते. तरी २७च्या मानाने तो फारच कमी आहे, हेही दिसतं. दोन्ही गोष्टी एका ओळीत, एकही विशेषण न वापरता.

यापेक्षा वाईट सापळा खर्चाच्या ओळीत आहे. एका नवजात बाळाच्या काळजीचा खर्च ५.३ डॉलर आला, आणि १९९७-९८मध्ये काळजी घेतलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला, असं निबंध सांगतो. आखूड करताना याचं होतं: ‘१८ बाळांमागे एक नवजात वाचलं.’ ऐकायला तेच वाटतं, पण तसं नाही. निबंधातल्या त्या एका मृत्यूत गर्भातले मृत्यूही धरलेले आहेत. ‘गर्भातला किंवा नवजात’ हे तीन शब्द गेले आणि विधान खोटं झालं. चुकीचं भाषांतर नाही, चुकीचा हिशेब नाही, नुसती काटकसर. अशी चूक शोधायचा एकच मार्ग मला माहीत आहे: पोस्टरवरचं प्रत्येक आकड्याचं वाक्य घेऊन मूळ निबंधातल्या त्याच वाक्यावर बोट ठेवायचं आणि मोठ्याने दोन्ही वाचायची. कंटाळवाणं आहे. अर्ध्या तासाचं आहे. आणि ते दुसऱ्याने करायचं, कारण लिहिणाऱ्याला मूळ वाक्य इतकं पाठ असतं की गळलेले शब्द त्याला दिसतच राहतात.

आम्ही शेवटी ही ओळ पोस्टरवरून काढलीच. पुरेशा शब्दांत सांगता येत नसेल तर सांगू नये, या मताची मी आहे. वर्गात याला विरोध होतो. ‘खर्च सांगितला नाही तर सरकारी अधिकारी थांबणारच नाही,’ असं एक मुलगा म्हणाला, आणि तो म्हणत होता त्यात तथ्य होतं. मग खर्च राहिला, १८चा हिशेब गेला. परिषद सार्वजनिक आरोग्याची असती तर उलटंही झालं असतं. मधलं वाक्य कायम ठेवून बाजूचा मजकूर श्रोत्यांप्रमाणे बदलता येतो, हे पोस्टरवाल्यांना फारसं सुचत नाही. एकच फ्लेक्स गुंडाळून तीन परिषदांना नेला जातो.

चौथा भाग मर्यादांचा. जागा संपत आली की हाच भाग सर्वांत आधी गळतो, आणि गळला की पोस्टरला जाहिरातीचा वास येऊ लागतो. इथे मर्यादा दोन ओळींत मावतात. कुठल्या गावांना सेवा द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. आणि हा एकाच जिल्ह्यातला, एकाच संस्थेच्या देखरेखीखालचा अनुभव आहे. पहिली ओळ लिहिली की लगेच तिच्या शेजारी एक गोष्ट लिहावीशी वाटते: दोन्ही भागांतली लोकसंख्या आणि सुरुवातीचे मृत्युदर सारखे होते. ती जरूर लिहावी. शंका आणि तिचं उत्तर शेजारी शेजारी असलं की दोन ओळींत एक छोटा संवाद होतो, आणि संशोधकाशी बोलायला माणूस थांबतो तो अशाच ठिकाणी.

आता कागदावर चार ठोकळे आहेत आणि मधोमध एक वाक्य. ठोकळ्यांना शीर्षकं द्यायची तर सवयीने हात ‘प्रस्तावना’, ‘पद्धती’, ‘निष्कर्ष’ असं लिहितो. पण ही नावं जगातल्या कुठल्याही पोस्टरला चालतील. त्याऐवजी ठोकळ्यातली बातमीच शीर्षकात घालायची: ‘रुग्णालय लांब, म्हणून उपचार घरी’, ‘३९ गावांत सेवा, ४७ गावांशी तुलना’, ‘जंतुदोषाचे मृत्यू: १६३पैकी २७, मग ७१पैकी २’, ‘गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नाहीत’. नुसती शीर्षकं वाचणाऱ्यालाही गोष्ट कळली पाहिजे, आणि दालनातले बहुतेक लोक तेवढंच वाचतात. असं केल्यावर बऱ्याचदा खालचा मजकूर शीर्षकाचीच पुनरुक्ती निघतो आणि आपोआप आणखी आखूड होतो. परिषदेला आधी पाठवलेला सारांश डावीकडे वरच्या कोपऱ्यात जसाच्या तसा चिकटवायची जी रूढी आहे, तिचं कारण मला आजवर कळलेलं नाही. त्यात पोस्टरवरचं सगळंच पुन्हा एकदा, अधिक दाट शब्दांत असतं.

आद्याक्षरांचं एक सांगायला हवं. ‘एनएमआर’, ‘व्हीएचडब्ल्यू’, ‘एचबीएनसी’ असं लिहिलं की शब्द वाचतात, म्हणून लोक खूश असतात. पण बारा अक्षरं वाचवली आणि वाचणाऱ्याला प्रत्येक वेळी मागे जाऊन अर्थ शोधायला लावलं, तर वाचवलं काय? सगळ्या पोस्टरवर एकच आद्याक्षरी राहू द्यावी, तीही दालनातल्या सगळ्यांना झोपेतही ओळखता येईल अशी.

मजकूर पुरेसा आखूड झाला का, हे शब्द मोजूनही कळतं; अडीचशे ते चारशे शब्दांत माझं समाधान होतं. पण त्याहून सोपी परीक्षा छपाईच्या यंत्रावर आहे. ए-झिरोचा ए-फोर केला की लांबी-रुंदी बरोबर चौथाई होते. म्हणजे पोस्टर साध्या ए-फोर कागदावर छापून हात लांब करून, डोळ्यांपासून अर्ध्या मीटरवर धरलं, की दोन मीटरवरून खरं पोस्टर जसं दिसेल अगदी तसं दिसतं. वाचता आलं नाही तर अक्षर बारीक आहे, आणि अक्षर बारीक आहे याचा अर्थ मजकूर जास्त आहे. पोस्टरवर २४ पॉइंटचं अक्षर या छोट्या कागदावर ६ पॉइंटचं होतं, औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेइतकं. त्याखाली जाऊ नये. देवनागरीत तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकू नयेत म्हणून ओळींमधलं अंतरही जास्त लागतं, त्यामुळे इंग्रजी पोस्टरच्या मापाने मराठी पोस्टर आखलं की हमखास फसतं. ही परीक्षा दहा रुपयांत होते. फ्लेक्स परत छापायला किती पडतात ते ज्याने छापला आहे त्याला माहीत.

मधोमध एक मोठं वाक्य ठेवायच्या कल्पनेला २०१९मध्ये बरंच वळण मिळालं. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रात पीएचडी करणाऱ्या माइक मॉरिसन यांनी एका व्हिडिओतून नवा आराखडा मांडला: पोस्टरच्या मध्यभागी साध्या भाषेत मुख्य निष्कर्ष, प्रचंड अक्षरात, एका कडेला थोडक्यात माहिती, दुसऱ्या कडेला आलेख आणि तक्ते, आणि संपूर्ण निबंधासाठी एक क्यूआर कोड. तो आराखडा जगभर पसरला आणि त्यावर टीकाही झाली. टीकेचा एक भाग मला पटतो: मोठ्या अक्षरातलं वाक्य जितकं ठाम, तितका त्याच्या मागचा पुरावा लहान दिसतो, आणि वाक्य चुकीचं कापलं असेल तर ती चूकही प्रचंड अक्षरात छापली जाते. ७१ टक्के, १८ बाळांमागे एक, दोन ६२: या सगळ्या चुका त्या मध्यभागी किती शोभून दिसल्या असत्या!

म्हणून छापायच्या आधी शेवटची परीक्षा. दुसऱ्या विभागातलं कुणीतरी बोलवायचं, ए-फोरवरचं पोस्टर पंधरा सेकंद दाखवायचं, मग कागद पालथा घालायचा आणि विचारायचं: काय लिहिलं होतं? पोस्टर करणाऱ्याने या वेळात तोंड उघडायचं नाही. हे त्यांना फार जड जातं. ‘अहो, तसं नाही ते...’ असं म्हणून पुढे सरसावलेल्या एका मुलाला मी खुर्चीवर बसवून ठेवलं होतं.

गेल्या वेळी आमच्या गडचिरोलीच्या पोस्टरसाठी शेजारच्या इमारतीतून स्थापत्य अभियांत्रिकीची एक मुलगी आली. मधल्या वाक्यात आम्ही लिहिलं होतं: ‘गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्तीने घरी काळजी घेतल्याने गडचिरोलीच्या ३९ गावांत नवजात बाळं वाचली.’ दोन्ही दर खालच्या आलेखात होते, कारण मधलं वाक्य स्वच्छ राहावं असा आमचा बेत होता. पंधरा सेकंद झाले. कागद पालथा.

‘गावातल्या बायकांना शिकवलं,’ ती म्हणाली, ‘आणि तिथे बाळं मरायची थांबली.’

खोलीत कुणी बोललं नाही. थांबली नव्हती. हजारात २५.५ बाळं तिसऱ्या वर्षीही जात होती, आणि तो आकडा आमच्याकडे होता, फक्त आम्ही तो एक वीत खाली ठेवला होता. एका मुलीने फळ्यावरचं ‘वाचली’ पुसलं. ‘३९ गावांत’च्या पुढे तिने लिहिलं: ‘नवजात मृत्यू हजारात ६२ होते, तिसऱ्या वर्षी २५.५ झाले, तुलनेच्या ४७ गावांत घट नाही.’ वाक्य लांबलं होतं. मग जागा करायला तिने ‘प्रशिक्षित’कडे पाहिलं, ‘घरी’कडे पाहिलं, दोन्ही राहू दिले, आणि वरच्या कोपऱ्यातलं कॉलेजचं बोधचिन्ह निम्म्यावर आणलं.